घंटी थांबेपर्यंत

पहाटे उठायचं म्हटलं की माझ्या गुडघ्यांना आधी कळतं. मग कंबरेला. शेवटी डोळ्यांना. तोवर बाहेर तांबू हंबरायला लागलेली असते, तिला माझ्या गुडघ्यांचं काय! ती कासेत दूध घेऊन उभी असते आणि ते काढायला मीच लागते, कारण माझ्या नवऱ्याचा हात लागला की ती लाथ मारते आणि जाऊबाईंचा लागला की दूध चढवून घेते. हा मान मला कुणी दिला, कधी दिला, मला आठवत नाही. काढून घ्यायला मात्र कुणी तयार नाही.

घरात आम्ही तिघं. मी, माझा नवरा आणि माझ्या मोठ्या जाऊबाई. दीर जाऊन बरीच वर्षं झाली. मुलं आपापल्या गावी, आपापल्या व्यापात. गोठ्यात दोन गाई. धाकटी गाभण आहे म्हणून आटवलेली. त्यामुळे सध्या घरात येणारं सगळं दूध तांबूचं आणि तिच्यामागे उड्या मारणारी कालवडही तिचीच.

आमच्याकडे दूध विकत नाहीत, क्रीम विकतात. नाक्यावरचा बेकरीवाला ते घेतो, केकवर फेटून लावतो. क्रीम काढायचं यंत्र स्वयंपाकघरालगतच्या थंड खोलीत टेबलाला बोल्टांनी आवळून बसवलंय. ओतीव लोखंडाचं, हातानं फिरवायचं. दीरांनी ते जुनंच घेतलं होतं, पण जाऊबाईंसाठी घेतलं होतं आणि त्याच्या दांड्याला जाऊबाईंशिवाय कुणी हात लावलेला त्यांना खपत नाही. मी दूध काढते, त्या यंत्र चालवतात, मी यंत्र धुते. ही वाटणी ज्यानं केली तो मला भेटायला हवा. आत एकावर एक बसणाऱ्या शंकूच्या आकाराच्या पातळ तबकड्या असतात, प्रत्येकीवर नंबर कोरलेला. त्या रोज दोनदा सुट्या करायच्या, आतला चिकट गाळ काढायचा, एकेक ब्रशनं घासायची, पुन्हा नंबरवार तारेत ओवून वाळत घालायच्या. एकीची जागा चुकली तर यंत्र थरथर कापतं आणि क्रीम दुधात जातं. माझी कधी चुकली नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, पुढे उपयोगी पडणार आहे म्हणून सांगते.

यंत्र चालतं ते असं. धारोष्ण दूध वरच्या भांड्यात ओतायचं, पण तोटी लगेच सोडायची नाही. आधी दांडा सावकाश फिरवायला घ्यायचा. दांड्यावरच एक छोटी घंटी आहे. वेग कमी असेपर्यंत ती प्रत्येक फेऱ्याला वाजते, टिंग, टिंग. फेरे वाढवत न्यायचे. पुरेसा वेग आला की घंटीतला गोळा आतल्या कडेला चिकटून बसतो आणि घंटी गप्प होते. ती गप्प झाली की तोटी सोडायची. मग वरच्या नळीतून क्रीम येतं, खालच्या नळीतून उरलेलं दूध. वेग शेवटपर्यंत तसाच ठेवायचा. घंटी पुन्हा बोलली तर समजायचं, हात ढिला पडलाय. मला हे सगळं जाऊबाईंनीच शिकवलं, मी या घरात नवी असताना.

साय गेलेल्या दुधाला आमच्या घरात 'निळं' म्हणतात. खरंच निळसर दिसतं ते, काचेच्या ग्लासात धरलं तर पलीकडचं बोट दिसेल असं. निळ्याचे वाटेकरी ठरलेले. पहिला वाटा कालवडीचा, फेस बसू दिल्यावर, कोमट. फेसाळ पाजलं तर तिचं पोट फुगतं. दुसरा कोंड्यात कालवून कोंबड्यांना. तिसऱ्याला विरजण लावून मी फडक्यात टांगते, त्याचा चक्का शेजारची शिवणकाम करणारी बाई नेते. उरलेलं भाकरी-पावाच्या पिठात पाण्याऐवजी. आणि एक ग्लास माझ्या नवऱ्याला. डॉक्टरनं त्याची साय, लोणी सगळं बंद केलंय. तो ग्लास हातात घेऊन रोज म्हणायचा, "हे दूध नाही, दुधाचं धुणं आहे."

यंदा पहिली कुरबुर बेकरीवाल्याची आली. बरणी परत आणून त्यानं ओट्यावर ठेवली.

"वहिनी, हे फेटलं जात नाही. तासभर फेटलं, नुसतं लपक लपक करतंय. दूध मिसळताय का काय?"

"आम्ही?" मी म्हटलं. "आम्हाला क्रीम परवडत नाही असं वाटतं का तुम्हाला?"

तो वरमला, पण बरणी घेऊन गेला नाही. मी त्याचं लोणी घुसळलं. निघायला हवं त्याच्या निम्मंही निघालं नाही. क्रीम मापात भरपूर होतं आणि अंगात काही नव्हतं.

जाऊबाईंनी बरणीत चमचा फिरवला, उचलला, धार बघितली. "म्हातारी संपली," म्हणाल्या.

"कोण?"

उत्तर नाही. त्या दिवसांत त्यांची ही तऱ्हा मला अगदी असह्य झाली होती. मी काही विचारावं आणि त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं करावं. पाठमोऱ्या असल्या तर खुशाल काम करत राहायच्या. तोंडासमोर असल्या तर माझ्याकडे क्षणभर बघायच्या आणि भलतंच काहीतरी बोलायच्या. मी म्हणावं, कोंडा संपत आलाय, आणि त्यांनी म्हणावं, हो, थंडी वाढलीये. थोरलेपण असं अंगात मुरलं की माणसं धाकट्यांना माणसांत धरत नाहीत, असं मी माझ्यापुरतं ठरवलं होतं. म्हणून मीही बोलणं तोडत आणलं होतं. कामापुरतं बोलायचं. कधी तेही नाही. दोन बायका एका घरात दिवसभर दूध, भांडी, चूल करत वावरायच्या आणि आवाज फक्त भांड्यांचा.

रात्री जेवताना त्यांनी जाहीर केलं, "तांबूत आता राम नाही. शुक्रवारी दलाल येतोय. धाकटी विणार आहेच. तोवर ओढू."

माझा नवरा ताटाकडे बघत राहिला. वहिनीसमोर त्यानं जन्मात कधी तोंड उघडलेलं नाही, तेव्हा आज उघडेल अशी आशा मी धरली नव्हती.

"तांबूला विकायचं?" मी म्हटलं. "या वयाच्या गाईला तो कुठे नेतो, ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"शुक्रवारी," त्या म्हणाल्या. "सकाळीच."

मी ताट उचलून मोरीवर गेले. खरं सांगायचं तर माझ्या थकलेल्या अंगाच्या कुठल्या तरी कोपऱ्यात असंही आलं की गाय गेली तर चार दिवस उशिरा उठता येईल. त्या विचाराचा मला इतका राग आला की मी ती रात्र कुशी बदलण्यात काढली. माझ्या बाळंतपणांनंतर, माझ्या आजारपणांत, आई गेली तेव्हा, मी रडायला कुठे जायचे? तांबूच्या पोटाला डोकं टेकून धार काढायचे आणि रडायचे. ती शेपूट हलवायची नाही तेवढा वेळ.

दुसऱ्या दिवशी शिवणवाली चक्का न्यायला आली. घमेलं बघून म्हणाली, "बाई, हल्ली हात सुधारलाय तुमचा. किती मऊ, किती चविष्ट! आधी कसा, खडूसारखा यायचा. दोन वाट्या जास्त द्या."

इतकी वर्षं माझा चक्का खडूसारखा होता हे मला त्या दिवशी कळलं. मी तो राग गिळला, कारण दुसरंच काहीतरी डोक्यात टोचायला लागलं होतं. नवऱ्यानं दुधाच्या धुण्याची तक्रार किती दिवसांत केली नव्हती! उलट परवाच एका ग्लासाचे दोन केले होते. त्याच्या पँटचं बटण लागेना म्हणून माझ्याकडे सरकवायला आलं होतं. आणि कालवड? निळ्यावर वाढणारी वासरं हाडं मोजावीत अशी असतात. ही गोल गरगरीत, अंगावर हात फिरवला तर तेल लावल्यासारखी.

मी ग्लासभर निळं घेऊन खिडकीशी धरलं, ग्लासामागे बोट ठेवलं. बोट दिसेना. निळं निळं राहिलंच नव्हतं.

संध्याकाळची धार झाल्यावर मी जुनी पसरट ताटं काढली. यंत्र नव्हतं तेव्हा साय याच ताटांत यायची. ताजं दूध ओतायचं, थंड खोलीत ठेवायचं, कुणी धक्का लावायचा नाही. सकाळी वर साय. कडेनं सुरी फिरवून ती सुटी करायची आणि चपट्या पळीनं हलकेच काठाकडे ओढायची, तळचं दूध ढवळू न देता. जाऊबाईंच्या हाताखाली मी ते शिकले तेव्हा माझी पळी थरथरायची आणि त्या माझं मनगट धरायच्या. "घाई नाही, धाकटे. ती येते आपणहून."

एका ताटात मी तांबूचं निरसं, यंत्रात न घातलेलं दूध ओतलं, शेरभर. दुसऱ्यात यंत्रातून आलेलं निळं, तितकंच. झाकणं ठेवली आणि पडले.

सकाळी झाकणं काढली. तांबूच्या ताटावर पिवळसर सायीचा जाड थर, सुरकुतलेला, पळीला जड लागेल असा. माझा जीव भांड्यात पडला. गाय ठणठणीत होती. मग दुसरं ताट बघितलं. निळ्यावर काही यायचंच नसतं. त्यातलं जे यायचं ते यंत्रानं आधीच काढून घेतलेलं असतं. पण त्यावरही साय होती. पातळ, पण सलग, बोट फिरवलं तर बोटाला चिकटणारी. आमचं क्रीम कुठे जात होतं ते समोर होतं. कालवडीच्या पोटात, कोंबड्यांच्या कोंड्यात, शिवणवालीच्या फडक्यात आणि माझ्या नवऱ्याच्या पँटमध्ये.

म्हणजे यंत्र. मी भांडं खोललं. तबकड्या नंबरवार. रबराची रिंग शाबूत, कुठे चीर नाही. क्रीम घट्ट-पातळ करायचा स्क्रू जागेवर. दूध तर गाईखालून थेट येतं, थंड होण्याचा प्रश्न नाही. मग उरलं काय?

ते मला संध्याकाळी कळलं. बादली यंत्राशी ठेवून मी रोज गोठ्यात परत जाते, कालवडीला बांधते, शेण ओढते. त्या दिवशी दाराशीच थांबले. जाऊबाईंनी दूध ओतलं, पदर खोचला, दांडा धरला. टिंग. टिंग. टिंग. दोन-चार फेरे झाले असतील. त्यांनी मान जराशी तिरकी केली, ऐकल्यासारखी, आणि तोटी सोडली.

टिंग. टिंग. टिंग.

"ताई, घंटी!" मी म्हटलं.

त्यांची पाठ हलली नाही. नळ्यांतून दूध यायला लागलं होतं. त्या त्याच संथ लयीत फिरवत होत्या, चेहरा समाधानी, आणि घंटी फेऱ्याफेऱ्याला वाजत होती. मी ती गोठ्यातून रोज ऐकत असणार. इतकी रोज, की ऐकू येणं बंद झालं होतं.

"ताई!" मी ओरडले. कोंबड्या फडफडल्या. त्या नाही.

मी उंबऱ्यावर बसले. घंटी गप्प झाली की वेग आला, एवढं त्यांना माहीत होतं. त्यांच्यासाठी ती पहिल्या फेऱ्यापासून गप्पच होती.

आता हे सांगायचं कसं? दुसऱ्या दिवशी दलाल येणार होता, म्हणजे गप्प बसण्याची सोय नव्हती. रात्रभर मी वाक्यं जुळवली आणि सकाळी एकही आठवलं नाही. मी नुसती ताटं नेऊन त्यांच्यासमोर ठेवली, पुन्हा नवी लावलेली.

"ही तांबूची साय. आणि ही निळ्यावरची," मी मोठ्यानं, बोट दाखवत म्हटलं.

त्यांनी दोन्ही बघितली. त्या मूर्ख नाहीत, लगेच उमगलं. "तबकड्या नीट धूत नाहीस तू," म्हणाल्या. "रिंग चिरली असणार. कशात लक्ष असतं तुझं?"

मग माझं डोकं सटकलं. इतकी वर्षं मोडलेल्या कंबरेनं घासलेली एकेक तबकडी माझ्या डोळ्यांपुढे आली. मी दांडा धरला. त्यांच्यादेखत, पहिल्यांदाच. त्या उठल्याच, पण मी फिरवायला लागले होते. मुद्दाम हळू. टिंग. टिंग. नवरा ग्लास घेऊन दारात येऊन उभा राहिला.

"घंटी थांबली की सांगा," मी त्यांच्या तोंडासमोर म्हटलं. "तुम्ही सांगा, मग मी तोटी सोडते."

"थांबली की केव्हाच!" त्या रागानं म्हणाल्या. "सोड. आता काय मुहूर्त बघतेस?"

टिंग. टिंग. टिंग.

मी फिरवायची थांबले नाही. थांबायला हवं होतं, पण हात थांबेना. नवऱ्याचं तोंड उघडं पडलं होतं. जाऊबाईंनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग घंटीकडे. मग हात पुढे करून दोन बोटं घंटीवर ठेवली आणि दांड्याबरोबर त्यांचा हात फिरत गेला. एक फेरा. दोन. आतला गोळा त्यांच्या बोटांना ठोके देत होता.

त्या खाली बसल्या, दुधाच्या रिकाम्या कॅनवर. मला वाटलं होतं, मी खरी ठरले की बरं वाटेल. अजिबात वाटलं नाही. स्वतःची लाजच वाटली.

"वाजतेय?" त्यांनी विचारलं.

मी मान डोलावली.

त्यांनी ती दोन बोटं पदराला पुसली. "मला वाटलं, यंत्र हलकं झालंय," म्हणाल्या. "जुनं झालं की सैल फिरतं, म्हणून वेग लवकर धरतं असं वाटलं." मग म्हणाल्या, "आणि मला वाटलं, तू बोलणं टाकलंयस माझ्याशी."

मी काही बोलले असते तरी त्यांना ऐकू गेलं नसतं आणि ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलण्यासारखं ते नव्हतं. मी त्यांच्या शेजारी खाली बसले. फरशी गार होती. माझे गुडघे कुरकुरले. नवऱ्यानं ग्लास तसाच ओट्यावर ठेवला आणि बाहेर गेला. बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजत होता. तो किती वेळ वाजत होता कोण जाणे, दलाल वैतागला होता. नवऱ्यानं फाटक उघडलंच नाही. आतून ओरडून सांगितलं, "गाय द्यायची नाही! वहिनींनी सांगितलंय!" वहिनींनी काही सांगितलं नव्हतं. जन्मात पहिल्यांदा तो त्यांच्या वतीनं बोलला, आणि बोलला तो त्यांना ऐकू न जाता.

त्यानंतरचं फारसं काही नाही. कानाच्या डॉक्टरकडे जायचं ठरलंय. जाऊबाई म्हणतात, धाकटी विल्यावर बघू. निळं पुन्हा निळं येतं. नवऱ्यानं तोंड वाकडं केलं, शिवणवालीनं एक वाटी कमी केली, कालवडीला कोंडा वाढवावा लागला. बेकरीवाला बरणी उलटी धरून बघतो आणि क्रीम पडत नाही म्हणून हसतो. मला मात्र एक काम वाढलं. धार झाली की गोठ्यात परत जायचं नाही. आधी यंत्राशी उभं राहायचं.

दांडा अजून त्यांच्याच हातात असतो. मी समोर उभी राहते, हात खाली. त्या फिरवत जातात, नजर माझ्या हातावर. घंटी वाजते, वाजते, विरते, थांबते. मी हात वर करते. त्या तोटी सोडतात. क्रीम येतं, जाड, सावकाश. शेवटी नळ्यांतलं उरलंसुरलं निघावं म्हणून थोडं निळं परत वरून सोडतात, तोवर मला तिथून हलता येत नाही. पाय भरून येतात.

काल हात वर केल्यावर मी भिंतीला टेकून डोळे मिटले होते. त्यांनी हाक मारली.

"धाकटे."

मी डोळे उघडले. वेग तसाच होता, हात थांबला नव्हता.

"नुसती उभी काय राहतेस?" त्या म्हणाल्या. "बोल काहीतरी. मोठ्यानं."

इतक्या दिवसांचं साठलेलं होतं, त्यातलं आधी कुठलं काढायचं? शेवटी मी ओरडून सांगितलं की कोंडा संपत आलाय.

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "पुढे?"